भावाखालच्या तीन ओळी

चेहऱ्याच्या क्रीमची ‘एअरलेस’ बाटली उघडून पाहिली तर आत नळी सापडत नाही. तळाशी एक पांढरी चकती असते. वरचा पंप दाबला की क्रीम बाहेर येतं आणि चकती तेवढीच वर सरकते. हवेला आत शिरायला जागाच उरत नाही. पन्नास मिलीच्या या एवढ्याशा बाटलीत झाकण, पंप, खांद्याची कडी, आतली बाटली, बाहेरची बाटली आणि ती चकती असे निदान सहा सुटे भाग असतात. पंपाच्या पोटातली स्प्रिंग आणि झडप वेगळीच. पंप, स्प्रेयर आणि अशा बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यांची मोठी दाटी चीनच्या झजियांग प्रांतात, निंगबो बंदराजवळच्या युयाव शहरात आहे.

समजा, नाशिकमधल्या एका उद्योजिकेला आपल्या नव्या क्रीमसाठी हीच बाटली हवी आहे. सध्या त्यांचं क्रीम महिन्याला सहाशेच्या आसपास विकलं जातं. परदेशातून माल मागवायची ही त्यांची पहिलीच वेळ. युयावच्या एका कारखान्याला त्यांनी ई-मेल पाठवला आणि दोन दिवसांत एका पानाचं कोटेशन आलं. वर बाटलीचा फोटो, खाली भाव: नगाला ०.३८ डॉलर, एफओबी निंगबो. म्हणजे निंगबो बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च कारखान्याचा, तिथून पुढचा सगळा घेणाऱ्याचा. आणि भावाखाली बारीक अक्षरांत तीन ओळी: एमओक्यू दर रंगाला १०,००० नग; लीड टाइम ३५ दिवस, ॲडव्हान्स आणि सॅम्पलच्या मंजुरीनंतर; व्हॅलिडिटी १५ दिवस.

नवखा माणूस ०.३८ वर बोट ठेवून रुपयात हिशेब करायला बसतो. अनुभवी आयातदार आधी त्या तीन ओळी वाचतो. ०.३८ हा बाटलीचा भाव नाहीच; इतक्या नगांची, अशा रंगाची, इतक्या दिवसांत पैसे पोचवून दिलेली ऑर्डर असेल तर लागू होणारा तो भाव आहे. तीनपैकी एक ओळ हलली की आकडा हलतो.

पहिली ओळ एमओक्यूची, म्हणजे कमीत कमी किती नग घ्यावे लागतील त्याची. नव्या ग्राहकाला ती अडवणूक वाटते. आपण लहान आहोत म्हणून कारखाना दारातच उभं करतोय, अशी भावना होते. ती समजण्यासारखी आहे, पण हा आकडा येतो कुठून हे पाहिलं की बोलणं सोपं होतं.

या उद्योजिकेला बाटली पिस्ता रंगात हवी आहे. प्लास्टिकचा दाणा मुळात पांढुरका किंवा पारदर्शक असतो. त्यात रंगाचा दाणा मिसळतात, त्याला मास्टरबॅच म्हणतात. नेमका हवा तो पिस्ता रंग रंगवाल्याकडून बनवून घ्यायचा, तर तो सहसा पंचवीस किलोच्या गोणीखाली हात घालत नाही. शंभर किलो दाण्याला दोन किलो रंग धरला, तर एक गोणी साडेबाराशे किलो प्लास्टिक रंगवते. बाटलीचे रंगीत भाग मिळून वीस ग्रॅमचे असतील, तर एका गोणीत साडेबासष्ट हजार बाटल्या निघतील. दहा हजारांच्या ऑर्डरला गोणीचा सहावा हिस्सासुद्धा लागत नाही, आणि उरलेला पिस्ता रंग दुसऱ्या कोणाला चालेल याची खात्री नसते. शिवाय यंत्रावर आधी काळा माल चालू असेल, तर तो काळेपणा पूर्ण निघून जाईपर्यंत दाणा वाया घालवावा लागतो. नाव छापायचं तर स्क्रीन तयार करायची, यंत्रावर जुळवायची, पहिले काही नग फेकून द्यायचे. हे सगळं एका बाटलीसाठी करा किंवा लाखासाठी, खर्च जवळपास तोच.

म्हणून एमओक्यू ही भिंत कमी आणि वाटणी जास्त असते. एकदाच होणारा खर्च किती नगांवर वाटला तर भाव ग्राहकाला परवडेलसा दिसेल, याचा कारखान्याने केलेला तो अंदाज असतो.

हा एकदाचा खर्च किती आहे हे कारखाना सहसा सांगत नाही. पण दोन वेगवेगळ्या संख्यांचे भाव मागितले की तो आपोआप उघडा पडतो. आपल्या उदाहरणात उद्योजिकेने विचारलं, की पाच हजार घेतले तर काय भाव पडेल? उत्तर आलं, ०.४६ डॉलर. आता कागद-पेन्सिल घ्यायची. पाच हजारांचे एकूण २,३०० डॉलर होतात, दहा हजारांचे ३,८००. जादा पाच हजार बाटल्यांसाठी जादा १,५०० डॉलर, म्हणजे एक बाटली प्रत्यक्ष बनवायला कारखाना ३० सेंट धरतोय. पाच हजार गुणिले ३० सेंट म्हणजे १,५०० डॉलर. मग २,३०० मधले उरलेले ८०० डॉलर कशाचे? तोच तो रंग, स्क्रीन, यंत्राची जुळवाजुळव. नफाही या दोन्ही आकड्यांत कुठेतरी मुरलेला असतोच, पण बोलणी करायला एवढं पुरतं.

आता तीन हजार बाटल्यांचा अंदाज बांधता येतो: ८०० अधिक ९००, म्हणजे १,७०० डॉलर, नगाला साधारण ५७ सेंट. ‘प्लीज, आम्ही नवीन आहोत, एमओक्यू कमी करा’ अशी विनंती युयावच्या विक्री प्रतिनिधीला दिवसातून कितीतरी वेळा येत असेल. त्याऐवजी ‘तीन हजार नग हवेत, सेटअपचा खर्च आम्ही वेगळा देऊ, किती होईल ते लिहा’ असा ई-मेल गेला, तर त्याचं उत्तर देता येतं. समोरच्याला कळतं की या ग्राहकाला कारखान्याचा खर्च समजतो.

मग किती घ्यायचे? इथे कारखान्याचा भाव बाजूला ठेवून आपल्या विक्रीकडे पाहावं लागतं. महिन्याला सहाशे खपत असतील तर दहा हजार बाटल्या जवळपास सतरा महिने पुरतील. नगामागे आठ सेंट वाचले खरे, पण दीड हजार डॉलर जास्तीचे गुंतले, खोके ठेवायला जागा लागली, आणि दीड वर्षात क्रीमचं सूत्र किंवा ब्रँडचं रूप बदललं तर बाटल्या भंगारात. पाच हजार आठ-नऊ महिन्यांत संपतील, तीन हजार पाच महिन्यांत. पहिल्याच ऑर्डरला, क्रीम या पंपातून नीट येतं की नाही हेही बाजारात सिद्ध व्हायचं असताना, दहा हजारांचा मोह टाळणं शहाणपणाचं. आपल्या उदाहरणातल्या उद्योजिका पाच हजारांवर थांबल्या.

‘दर रंगाला’ हे दोन शब्द मात्र त्यांनी आधी वाचलेच नव्हते. पिस्ता, अबोली आणि पांढरा अशा तीन रंगांत मिळून दहा हजार, अशी त्यांची समजूत होती. कोटेशनप्रमाणे ते तीस हजार होत होते. एमओक्यूपुढे नेहमी विचारायचं: कशाला? दर रंगाला, दर आकाराला, दर छपाईला, की सगळ्या ऑर्डरला मिळून? त्यावर एक चांगली वाट निघते. पांढऱ्या बाटल्या कारखान्यात कायम चालूच असतात, त्यासाठी गोणीभर रंग लागत नाही, त्यामुळे त्यांचा एमओक्यू बराच कमी असतो. बाटली पांढरी घ्यायची आणि रंगांचा खेळ इथे लेबलवर करायचा. किंमत, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख असला बदलता मजकूर तर बाटलीवर छापून मागवूच नये. कायद्याने एखादा शब्द बदलला किंवा किंमत वाढवावी लागली तर हजारो बाटल्या अडकून पडतात. तो मजकूर इथल्या लेबलवर किंवा खोक्यावर शोभतो.

आणखी एक बारीक गोष्ट. छापील मालाच्या कोटेशनमध्ये बऱ्याचदा ‘संख्येत पाच किंवा दहा टक्के कमी-जास्त’ असं लिहिलेलं असतं. छपाईत किती नग बाद होतील हे आधी कळत नाही, म्हणून कारखाना ही सवलत ठेवतो. पाच हजार मागवले आणि साडेचार हजार आले, तर हा दगाफटका नसतो, तुम्ही ते मान्य केलेलं असतं. पैसे आलेल्या नगांचेच द्यायचे असतात, पण खोकी पाच हजार छापून ठेवली असतील तर त्यांचं काय? एमओक्यूची बोलणी चालू असतानाच ही टक्केवारी आणि सोबत थोडे जादा पंप, दोन्ही लिहून घ्यावेत.

दुसरी ओळ लीड टाइमची. तिच्यात माणसं सगळ्यात जास्त फसतात, कारण ‘३५ दिवस’ हे शब्द दिसायला सोपे आहेत.

उद्योजिकेला क्रीम २०२६ च्या गुढीपाडव्याला, १९ मार्चला बाजारात आणायचं होतं. कोटेशनवर तारीख होती १ डिसेंबर २०२५. त्यांनी बोटावर मोजलं: ३५ दिवस म्हणजे ५ जानेवारी, समुद्रातून यायला तीन आठवडे, जानेवारी संपता संपता माल दारात. हातात दीड महिना उरतो, असं त्यांना वाटलं.

पण घड्याळ १ डिसेंबरला सुरूच झालं नाही. ओळीतच लिहिलं होतं, ॲडव्हान्स आणि सॅम्पलच्या मंजुरीनंतर. या दोन्हींपैकी जी गोष्ट उशिरा होईल तिच्यापासून दिवस मोजायचे. पैसे डिसेंबरच्या मध्याला गेले. सॅम्पलसाठी छपाईची फाइल ८ डिसेंबरला गेली, कारखान्याने नमुना बनवायला आठ-दहा दिवस घेतले, कुरिअरने तो २४ तारखेला नाशिकला पोचला. नावातलं सोनेरी अक्षर मळकट दिसत होतं. दुरुस्ती कळवली, दुसरा नमुना ६ जानेवारीला आला, ८ जानेवारीला मंजुरी गेली. ३५ दिवस तिथून सुरू. म्हणजे १२ फेब्रुवारी.

आणि २०२६ मध्ये चिनी नववर्ष होतं १७ फेब्रुवारीला.

हा सण म्हणजे कारखान्यांपुरती दिवाळी आणि मे महिना एकत्र. कामगार हजारो किलोमीटरवरच्या आपल्या गावी जातात, वर्षातून एकदाच घरी जाणारे कितीतरी असतात. सरकारी सुट्टी आठवडाभराची असली, तरी कारखाने आधीच रिकामे व्हायला लागतात आणि सणानंतर सगळे कामगार परतून यंत्रं पुन्हा पूर्ण चालायला आणखी दिवस जातात. बाटलीचे सहा भाग वेगवेगळ्या ठिकाणाहून येत असतील तर सगळ्यात उशिरा उघडणारा कारखाना बाकीच्यांना थांबवून ठेवतो. त्यात ऑर्डर लहान असेल तर ती मोठ्या ग्राहकांच्या मागे ढकलली जाते. फेब्रुवारीच्या १२ तारखेचा माल मार्चच्या १० तारखेला तयार झाला, तर आश्चर्य वाटायला नको. मग जहाज, मग न्हावा शेवा, मग कस्टम्स. पाडवा हुकला.

इथे आणखी एक शब्द तपासायचा राहिला होता. ३५ दिवस कॅलेंडरचे की कामाचे? सहा दिवसांचा आठवडा धरला तरी कामाचे ३५ दिवस म्हणजे कॅलेंडरचे एक्केचाळीस. ८ जानेवारीपासून मोजले तर ते १८ फेब्रुवारीला संपतात, नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी. कागदावर दोन्हीकडे ३५ च असतात.

याउलट मोजणी शेवटाकडून सुरू केली तर चित्र स्वच्छ दिसतं. १९ मार्चला पाडवा. क्रीम भरायला, लेबलं लावायला, दुकानांत पोचवायला दोन आठवडे धरले, तर बाटल्या ५ मार्चला नाशिकमध्ये हव्यात. कस्टम्स आणि ट्रकला एक आठवडा, म्हणजे २६ फेब्रुवारीला न्हावा शेवा. समुद्राचे तीन आठवडे, म्हणजे ५ फेब्रुवारीला निंगबोहून जहाज सुटायला हवं. पाच हजार बाटल्या म्हणजे साधारण एक घनमीटरचा माल. त्याला स्वतंत्र कंटेनर लागत नाही, तो इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जातो आणि त्याची वाट पाहावी लागते. तो आठवडा धरला तर माल २९ जानेवारीला तयार हवा. त्याआधी ३५ दिवस, म्हणजे मंजुरी २५ डिसेंबरला. सॅम्पलच्या दोन फेऱ्यांना चार आठवडे, म्हणजे छपाईची फाइल २७ नोव्हेंबरला गेलेली हवी. कोटेशन नोव्हेंबरच्या मध्याला हातात असतं, तर पाडवा गाठता आला असता. १ डिसेंबरला ते आलं, तेव्हाच उशीर झाला होता, आणि कारखान्याची त्यात काही चूक नव्हती.

सॅम्पलच्या या आठवड्यांत कोणी घाई करू नये. आपलं क्रीम त्या पंपात भरून, बाटल्या उभ्या-आडव्या ठेवून, उन्हाळ्याच्या गरमीत काही आठवडे पाहिलं पाहिजे. घट्ट क्रीम असेल तर चकती मध्येच अडकते, सुगंधी तेल जास्त असेल तर काही प्लास्टिकला तडे जातात. वेळ वाचवायचा उपाय वेगळा आहे: छपाई नसलेल्या साध्या तयार बाटल्या आधीच मागवून ही चाचणी कोटेशनची बोलणी सुरू असतानाच करायची. छपाईच्या नमुन्याची मंजुरी मग फक्त रंग आणि अक्षरांपुरती उरते.

लीड टाइम ‘माल तयार होईपर्यंत’ मोजलेला असतो, दारात पोचेपर्यंत नव्हे. एफओबी कोटेशनमध्ये तर तो बंदरापलीकडे कधीच जात नाही. आणि तोही अंदाजच असतो, कारण काही गोष्टी कारखान्याच्याही हातात नसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निंगबोच्या मेइशान टर्मिनलवर एका कामगाराला कोविड झाल्याचं आढळलं आणि ते टर्मिनल दोन आठवडे बंद राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झजियांग, जियांगसू, ग्वांगडोंग या प्रांतांत कारखान्यांच्या विजेवर कपात आली आणि कित्येक ठिकाणी आठवड्यातले काही दिवसच यंत्रं चालली. ज्यांनी आपल्या विक्रीच्या तारखेआधी दोन-तीन आठवडे मोकळे ठेवले होते त्यांचं निभावलं.

तिसरी ओळ, व्हॅलिडिटी. हा भाव किती दिवस टिकेल त्याची मुदत.

भाव इतका नाजूक का असतो? बाटलीच्या खर्चात मोठा वाटा दाण्याचा, आणि पॉलिप्रॉपिलीनसारख्या दाण्याचे भाव खनिज तेलाबरोबर वर-खाली होतात. कारखान्याचा पगार आणि वीजबिल युआनमध्ये, भाव मात्र डॉलरमध्ये, त्यामुळे विनिमय दराचा धक्का त्याला बसतो. सरकारी निर्णयाचाही बसतो. १५ नोव्हेंबर २०२४ ला चीन सरकारने जाहीर केलं, की ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या कितीतरी निर्यात मालावर मिळणारा कर-परतावा १ डिसेंबरपासून बंद. तोपर्यंत निर्यातदाराला परत मिळणारी तेरा टक्क्यांपर्यंतची रक्कम सोळा दिवसांत नाहीशी झाली. ज्याने त्या नोव्हेंबरमध्ये ॲल्युमिनियमच्या मालाचा तीन महिन्यांचा पक्का भाव देऊन ठेवला असेल, त्याचा नफा त्यातच बुडाला असणार. पंधरा दिवसांची व्हॅलिडिटी हे अशा धक्क्यांपासूनचं कारखान्याचं कुंपण आहे.

नवख्या ग्राहकाचे हे पंधरा दिवस बहुतेक वेळा बँकेत जातात. मुदत कोटेशनवरच्या तारखेपासून मोजली जाते, ई-मेल उघडल्यापासून नव्हे. आणि ‘हो, घेतो’ एवढं कळवून सहसा भागत नाही. बरेच कारखाने ॲडव्हान्स खात्यात जमा झाल्यावरच भाव पक्का धरतात. पहिल्यांदा परदेशी पुरवठादाराला आगाऊ पैसे पाठवायचे म्हणजे आयात-निर्यात कोड, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, बँकेचे फॉर्म, शाखेतून मुख्य कार्यालयाकडे जाणारी कागदपत्रं. एखादा शब्द चुकला की कागद परत. आपल्या उद्योजिकेचे पाच हजार बाटल्यांचे २,३०० डॉलर, त्याचे तीस टक्के म्हणजे ६९० डॉलर ॲडव्हान्स, बँकेतून १७ डिसेंबरला निघाले. मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. दाणा महागला, आता भाव ०.४८, असं उत्तर आलं. शंभर डॉलरचा फरक.

हे टाळता येतं. कोड आणि बँकेची कागदपत्रं कोटेशन मागायच्या आधीच तयार ठेवायची. आणि पंधरा दिवस अपुरे पडणार असं दिसलं की मुदत संपण्याआधी, संपल्यावर नव्हे, वाढवून मागायची. भाव स्थिर असतील तर कारखाना सहसा नाही म्हणत नाही, पण वाढीव तारीख लेखी घ्यावी.

या मुदतीला कायद्याचं बळ आहे का? चीनमध्ये २०२१ पासून लागू असलेल्या नागरी संहितेत, मुदत घालून अटळ म्हणून दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यात मात्र स्वीकार होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. प्रत्यक्षात बऱ्याच कोटेशनांच्या तळाशी ‘आमच्या अंतिम पुष्टीनंतरच’ असं लिहिलेलं असतं आणि मग तो कायद्याच्या भाषेत प्रस्तावच उरत नाही, नुसतं आमंत्रण होतं. तेवीसशे डॉलरसाठी युयावच्या कोर्टात कोणी जाणार नाही. म्हणून खरा कागद कोटेशन नव्हे, तर सही-शिक्क्याची प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. तिच्यात नग, रंग, भाव, दिवस कशापासून मोजायचे ते आणि ‘ॲडव्हान्स मिळाल्यावर भाव बदलणार नाही’ हे वाक्य असलं पाहिजे.

व्हॅलिडिटी ज्या संख्येला आणि वर्णनाला दिली तिलाच लागू असते, हेही ध्यानात ठेवावं. पाच हजारांऐवजी चार हजार केले, झाकण चकचकीत ऐवजी मॅट मागितलं, की जुना भाव गेला आणि नवं कोटेशन आलं. पुढच्या ऑर्डरलाही तो भाव आपोआप मिळत नाही. आणि डॉलरमधला भाव पक्का झाला म्हणून रुपयातला होत नाही. उरलेले १,६१० डॉलर माल निघण्याआधी, दोन-अडीच महिन्यांनी द्यायचे असतात. तेवढ्यात डॉलर दोन रुपयांनी वधारला, तर ३,२२० रुपये जास्त जातात. रक्कम लहान आहे, पण किंमत ठरवताना ती धरलेली असावी.

कोटेशन आल्या दिवशीच एक ई-मेल पाठवला, तर यातलं बरंचसं नीट होतं. त्यात मजकूर एवढाच असावा: ‘एमओक्यू दर रंगाला आहे की एकूण? तीन, पाच आणि दहा हजारांचे भाव वेगवेगळे द्या. संख्येत किती टक्के कमी-जास्त होईल? ३५ दिवस कॅलेंडरचे की कामाचे, आणि नेमके कोणत्या दिवसापासून? आज ऑर्डर पक्की झाली तर माल चिनी नववर्षाआधी निघेल का? भाव कोणत्या तारखेपर्यंत, आणि तो ऑर्डर दिल्यावर पक्का होतो की पैसे पोचल्यावर?’ चांगल्या कारखान्याची विक्री प्रतिनिधी याची उत्तरं एक-दोन दिवसांत देते. जी ‘काळजी करू नका’ एवढंच लिहून पाठवते, तिच्या कारखान्याला ॲडव्हान्स देऊ नये.

२०२७ मध्ये चिनी नववर्ष ६ फेब्रुवारीला येतंय, २०२६ पेक्षा अकरा दिवस आधी. त्या मार्चसाठी बाटल्या हव्या असतील, तर कोटेशन ऑक्टोबरमध्येच मागवलेलं असावं.